‘सॉरी’च्या पुढे काय लिहायचं?

जिवलग मैत्रिणीशी भांडण झालं की फोन हातात घेऊन आपण जो पहिला शब्द टाइप करतो, तो ‘सॉरी’. या शब्दाबद्दल एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. इंग्रजी वाक्यातला ‘सॉरी’ आणि मराठी वाक्यातला ‘सॉरी’ दिसायला सारखे असले तरी त्यांचं वजन सारखं नाही. खानापूरच्या बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की आपण ‘सॉरी’ म्हणतो. वर्गात उशिरा शिरताना, चुकीचा नंबर लागल्यावर, शिंक आल्यावरसुद्धा म्हणतो. मराठीत हा शब्द धक्का लागल्यावर उच्चारायचा शब्द म्हणून रुळला आहे. त्यामुळे सहा वर्षांच्या मैत्रीला तडा गेल्यावर ‘सॉरी यार’ एवढंच लिहिलं, तर समोरचीला वाटतं की हिला पायावर पाय पडल्याइतकंच वाटलंय.

इंग्रजीतही हा शब्द एकाच कामाचा नाही. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि तिथे त्याचा संबंध दुखण्याशी, वेदनेशी होता. म्हणून इंग्रजीत कुणी वारलं तरी ‘सॉरी’ म्हणतात आणि आपल्याकडून काही चुकलं तरी ‘सॉरी’च म्हणतात. पहिल्या वेळी बोलणाऱ्याचा काही दोष नसतो, दुसऱ्या वेळी असतो. एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालतो. मराठीत तसं नाही. कुणी गेल्याचं कळलं तर आपण ‘ऐकून फार वाईट वाटलं’ म्हणतो, आणि आपला दोष असेल तर ‘माझं चुकलं’ म्हणतो. ‘वाईट वाटलं’ आणि ‘चुकलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठीला पक्कं माहीत आहे. भांडणानंतरचे बरेचसे मेसेज नेमके इथेच फसतात. जिथे ‘चुकलं’ हवं असतं, तिथे ‘वाईट वाटलं’ लिहिलेलं असतं.

हे मी नुसतं व्याकरणाच्या पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीने मला असे चार मेसेज पाठवले. त्यातले तीन फसले आणि एक लागू पडला. तिला विचारूनच ते इथे देतेय. साहित्याच्या विद्यार्थ्याला कविता वाचताना जी सवय लागते, प्रत्येक शब्दाजवळ थांबून ‘हाच का?’ असं विचारण्याची, ती या चार मेसेजना लावून बघू.

काय झालं होतं

आमचा चौदा जणांचा ग्रुप आहे. दांडेलीला जायचं ठरत होतं आणि प्रत्येकाने दोन दिवसांत पैसे भरायचे होते. त्या महिन्यात आमच्या घरी जरा ओढाताण होती आणि माझी कॉलेजची फी थकली होती. हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘हिचे पैसे कुठे आहेत?’ त्यावर तिने लिहिलं, ‘हिला नका विचारू रे, हिचे फीचेच वांधे आहेत’, आणि पुढे हसणाऱ्या दोन इमोजी. चौदा जणांनी ते वाचलं. तिघांनी हसून उत्तर दिलं आणि एकाने मला वेगळा मेसेज करून ‘पैसे देऊ का’ म्हणून विचारलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

पहिला मेसेज त्याच रात्री आला:

‘सॉरी यार. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मजेत बोलले गं.’

यात ‘सॉरी’ दोनदा आहे, ‘यार’ आहे, ‘गं’ आहे. म्हणजे मनात माया आहे, यात शंका नाही. तरी हा मेसेज वाचून माझा राग वाढला, आणि तो ‘असेल तर’ या दोन शब्दांमुळे. ‘असेल तर’ म्हणजे कदाचित वाटलं असेल, कदाचित नसेल. जे घडलं ते तिथे अजून सिद्ध व्हायचं आहे आणि ते सिद्ध करायचं काम माझ्यावर आहे. शिवाय या वाक्यात करणारी कुणीच नाही. ‘तुला वाईट वाटलं’ हे वाक्य मराठीत आपोआप घडतं, जशी तुला थंडी वाजली किंवा तुला झोप आली. बोललं कोण, काय बोललं, याचा त्यात पत्ताच नाही. मग ‘मजेत बोलले’ येतं, म्हणजे बोलणारी शेवटी सापडते, पण सापडते तीच सुटण्याच्या वाटेवर.

दुसरा मेसेज तीन दिवसांनी आला. तो लांब होता आणि पूर्ण इंग्रजीत होता. त्याची पहिली दोन वाक्यं अशी:

‘आय ॲम रिअली सॉरी दॅट यू गॉट हर्ट. आय नेव्हर मेन्ट टु हर्ट यू.’

ती इंग्रजी माध्यमात शिकलेली. मनातलं बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत जाते, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे तिने इंग्रजी वापरलं याचा मला राग आला नाही. अडचण दुसरी होती. इंग्रजीत ‘सॉरी’च्या मागे तीन शेपट्या लागू शकतात. ‘सॉरी इफ’ म्हणजे आपलं ‘असेल तर’. ‘सॉरी दॅट यू गॉट हर्ट’ म्हणजे तू दुखावलीस याचं मला वाईट वाटतं. आणि तिसरी ‘सॉरी फॉर’, जिच्यापुढे आपण केलेली कृती येते: ‘सॉरी फॉर टेलिंग देम.’ पहिल्या शेपटीत घटनाच संशयात आहे. दुसरीत घटना मान्य आहे, पण ती माझ्या बाबतीत घडलेली एक दुर्घटना आहे. तिसरीत मात्र ‘सांगणं’ ही कृती येते आणि सांगणारी कोण ते आपोआप ठरतं. इंग्रजीत माफी मागायची असेल तर ‘फॉर’ लिहून पुढे क्रियापद जोडलं की मेसेज निम्मा दुरुस्त होतो.

मराठीत हाच फरक क्रियापदाच्या रूपात दिसतो. ‘तू दुखावलीस’ आणि ‘मी तुला दुखावलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात दुखावणं तुझ्यापाशीच सुरू होतं आणि तुझ्यापाशीच संपतं. दुसऱ्यात ते माझ्यापासून निघून तुझ्यापर्यंत येतं. लिहिताना आपण नकळत पहिल्याकडे झुकतो, कारण ते लिहायला सोपं जातं.

दुसऱ्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. त्याच संध्याकाळी तिसरा आला, एका ओळीचा:

‘बरं बाई, माझंच चुकलं.’

शब्दांचा अर्थ पाहिला तर यात कबुली पूर्ण आहे. तरी कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो सांगेल की ही माफी नाही, हा फणकारा आहे. ‘च’ने घात केला. ‘माझं चुकलं’ ही कबुली असते. ‘माझंच चुकलं’चा अर्थ बहुतेक वेळा ‘तुझं काहीच चुकत नाही ना, मग घे’ असा होतो. प्रत्यक्ष बोलताना आवाज हळवा असेल तर ‘माझंच चुकलं’ खऱ्या पश्चात्तापाचंही होऊ शकतं. स्क्रीनवर आवाज नसतो. म्हणून मेसेजमध्ये ‘च’ टाळावा. तसाच ‘ही’ टाळावा. ‘माझंही चुकलं’ म्हणजे तुझं चुकलंच आहे, त्यात माझी थोडी भर. दोघींची चूक असलेल्या भांडणात ते खरं असू शकतं, पण समेटाच्या पहिल्या मेसेजमध्ये दुसरीचा हिशेब काढला की पुढची पाच मिनिटं त्या हिशेबावरच जातात. आपल्या वाट्याचं तेवढं लिहावं आणि तिच्या वाट्याचं नंतर, समोर बसून बोलावं.

‘चुकणं’ किती प्रकारे लिहिता येतं

चौथ्या मेसेजकडे जाण्यापूर्वी मराठीतल्या एका सोयीकडे बघायला हवं. आपली चूक सांगायला मराठीत एक पायऱ्यांची शिडीच आहे. ‘चूक झाली’ ही सगळ्यात खालची पायरी. इथे चुकीला मालकच नाही, पाऊस झाला तशी चूक झाली. सरकारी पत्रात आणि छापील दुरुस्तीत हे शोभतं. ‘माझ्याकडून चूक झाली’ या दुसऱ्या पायरीवर माणूस दिसतो, पण ‘कडून’ या शब्दात ‘मनात नसताना’ असा सूर असतो. दूध उतू गेलं, वाढदिवस विसरला, मेसेज चुकून भलत्या ग्रुपवर गेला, यासाठी हे अगदी योग्य. ‘माझं चुकलं’ ही तिसरी. हिच्यात सबब नाही आणि नाटकही नाही, चूक सरळ स्वतःच्या नावावर घेतलेली आहे. आणि ‘मी चूक केली’ ही सगळ्यात वरची. ती जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला लागू पडते आणि थोडी कोर्टातल्या कबुलीसारखी ऐकू येते. जवळच्या मैत्रीत ती सहसा जड होते.

कुठली पायरी घ्यायची हे घडलेल्या गोष्टीवर ठरतं. खालची घेतली तर टाळाटाळ वाटते, फार वरची घेतली तर नाटक वाटतं. तिने ग्रुपवर लिहिलं ते चुकून नव्हतं, तिने विचार न करता पण स्वतः टाइप करून पाठवलं होतं. म्हणून ‘माझ्याकडून चूक झाली’ तिथे कमी पडलं असतं. दुष्टाव्यानेही केलं नव्हतं, म्हणून ‘मी चूक केली’ची गरज नव्हती. ‘माझं चुकलं’ हे बरोबर मापाचं होतं.

इंग्रजीत ही शिडी इतकी बारीक नाही. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे तर राजकारण्यांच्या निवेदनांमुळे बदनामच झालेलं वाक्य आहे. ‘आय मेड अ मिस्टेक’ मैत्रीत जरा कोरडं पडतं, जणू गणितात चूक झाली. ‘आय वॉज राँग’ हे त्या मानाने चांगलं, आखूड आणि आडपडदा नसलेलं. ‘माझं चुकलं’च्या सगळ्यात जवळ तेच येतं.

मग ‘माफ कर’ का नको? भाषाशास्त्राच्या पेपरला आपल्याला जे. एल. ऑस्टिन अभ्यासाला असतात. त्यांचं या विषयावरचं पुस्तक 1962 साली आलं. काही वाक्यं नुसती माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते, हे त्यांचं म्हणणं. ‘आय अपॉलजाइज’ म्हटलं की माफी मागून झाली. ‘आय ॲम सॉरी’ म्हटलं की मनाची अवस्था सांगितली जाते आणि माफीचा अर्थ ऐकणाऱ्याने त्यातून काढायचा असतो. त्या दृष्टीने मराठीतलं ‘मी माफी मागते’ ही खरी कृती. पण ते आपण प्राचार्यांच्या अर्जात लिहितो. ‘दिलगिरी व्यक्त करते’ वर्तमानपत्रातलं, ‘क्षमस्व’ रस्त्याचं काम चालू असल्याच्या फलकावरचं. मैत्रिणीला ‘क्षमस्व’ लिहिलं तर ती एक तर हसेल किंवा आणखी लांब जाईल. राहिलं ‘माफ कर’. शब्द चांगला आहे, घरगुती आहे, पण तो आज्ञार्थ आहे. तो समोरचीला काम सांगतो. जखम तिला झाली आणि आता माफ करायचं कामही तिलाच. त्यात ‘कर ना गं, प्लीज’ जोडलं की तो तगादा होतो. ‘माझं चुकलं’ काहीच मागत नाही, फक्त सांगतं. म्हणून मेसेजमध्ये आधी ते यावं. माफी मागायचीच असेल तर भेटल्यावर मागता येते, जिथे समोरचीचा चेहरा दिसतो.

चौथा मेसेज

तो नवव्या दिवशी आला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. जसाच्या तसा देते:

‘मी ग्रुपवर तुझ्या फीबद्दल लिहिलं. ते तू मला एकटीला सांगितलं होतंस. माझं चुकलं. मी मजेत लिहिलं, पण तो विषय मजेसाठी वापरायचा मला हक्क नव्हता. ग्रुपवर मी काही लिहू का, की तो विषय तिथे परत काढूच नको? तू सांगशील तसं. लगेच उत्तर देऊ नकोस. आय मिस यू.’

पहिल्या वाक्यात कर्ता ‘मी’ आहे, जागा ‘ग्रुपवर’ आहे आणि काय केलं ते नाव घेऊन सांगितलं आहे. ‘जे झालं ते’ किंवा ‘त्या दिवशीचं’ असं मोघम काही नाही. मोघम लिहिलं की वाचणारीला शंका येते: हिला नक्की कशाबद्दल वाईट वाटतंय? मी अबोला धरला त्याबद्दल तर नाही?

दुसरं वाक्य माझ्या मते या मेसेजचा कणा आहे. पैशांची अडचण चारचौघांना कळली याचं मला दुःख होतंच, पण त्याहून जास्त दुःख विश्वासाचं होतं. ‘एकटीला’ या एका शब्दाने तिने दाखवलं की कुठे लागलं ते तिला कळलंय. पहिल्या तीन मेसेजमध्ये तिला तिची बाजू दिसत होती, इथे पहिल्यांदा माझी दिसली. आपला मेसेज पाठवण्यापूर्वी तपासायचा असेल तर हीच परीक्षा घ्यावी: नेमकं काय लागलं हे सांगणारा एक तरी शब्द त्यात आहे का? तो सापडत नसेल तर मेसेज लिहायची वेळ अजून आलेली नाही, आधी विचार करायला हवा.

‘पण’ हा शब्द तिने वापरला, आणि माफीत ‘पण’ धोक्याचा असतो हे आपण ऐकलेलं असतं. इथे तो चालला याचं कारण त्याची दिशा. ‘माझं चुकलं, पण मी मजेत लिहिलं’ हे वाक्य चुकीकडून सबबीकडे जातं. ‘मी मजेत लिहिलं, पण मला हक्क नव्हता’ हे सबबीकडून चुकीकडे येतं. मराठी वाक्यात जोर शेवटी पडतो. ‘पण’नंतर जे येतं तेच वाचणारीच्या मनात राहतं.

ग्रुपबद्दलचा प्रश्नही महत्त्वाचा. दुखावणं चौदा जणांसमोर झालं होतं, तेव्हा भरपाईही तिथेच करावी असं सहज वाटतं. ती न विचारता ग्रुपवर माफी मागून मोकळी झाली असती, तर माझ्या फीचा विषय दुसऱ्यांदा चव्हाट्यावर आला असता. उलट काहीच न विचारता सोडून दिलं असतं, तर सोयीस्करपणा वाटला असता. तिने निर्णय माझ्या हातात दिला. आणि ‘लगेच उत्तर देऊ नकोस’ लिहून दोन निळ्या खुणांचा धाक काढून टाकला. वाचलंय पण उत्तर देत नाही, हा मेसेजच्या जगातला नवा अबोला आहे. पहिल्या तीन मेसेजनंतर तिने दर वेळी तासाभरात प्रश्नचिन्ह पाठवलं होतं. चौथ्यानंतर काही पाठवलं नाही.

शेवटी इंग्रजी का? ‘तुझी आठवण येते’ हे मराठीत आई किंवा मावशी फोनवर म्हणते, तेही परगावी गेलेल्याला. आम्ही तर रोज एकाच वर्गात बसत होतो. ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ गोड आहे, पण त्यात एक लाडीक सूर आहे जो त्या जागी खटकला असता. ‘आय मिस यू’ आम्ही आठवीपासून एकमेकींना सुट्टीत लिहीत आलो. तो आमच्या दोघींचा जुना शब्द आहे. म्हणून तो इंग्रजी असूनही घरचा वाटला.

कुठली भाषा कुठे

यातून मला जे कळलं ते असं. भांडण ज्या भाषेत झालं, कबुली त्याच भाषेत यावी. ‘फीचे वांधे’ हे शब्द मराठीत लागले होते. त्यावर इंग्रजीतली माफी आली तेव्हा असं वाटलं, जणू ती दुसऱ्याच खोलीत जाऊन बोलतेय. उलटही खरं आहे. ज्या दोघांचं सगळं बोलणं इंग्रजीत होतं, त्यांनी भांडणानंतर एकदम शुद्ध मराठी काढली तर ते औपचारिक वाटेल. इंग्रजीचा एक उपयोग मात्र नाकारता येत नाही. जे आपल्या मराठीत ओठावर येत नाही, कारण घरात ते तसं कुणी म्हणतच नाही, ते इंग्रजी थोडं अंतर देऊन म्हणू देते. प्रेमाची, आठवणीची वाक्यं अशी असतात. तेव्हा कबुली भांडणाच्या भाषेत आणि माया दोघांच्या सवयीच्या भाषेत, अशी वाटणी बहुधा जमते.

लिपीचंही तसंच आहे. आपण बहुतेक जण मराठी रोमन अक्षरांत टाइप करतो. चौथा मेसेज देवनागरीत होता. तिला देवनागरी टाइप करायला वेळ लागतो हे मला माहीत होतं आणि तो वेळ तिने दिला होता हे दिसत होतं. पण जी रोज देवनागरीतच लिहिते, तिच्या बाबतीत याला काही विशेष अर्थ नाही.

हाकेबद्दल एक गोष्ट. भांडणानंतर काही जण एकदम पूर्ण नाव लिहितात, काही जण एकदम ‘डिअर’वर येतात. दोन्ही परकं वाटतं. आधी जी हाक होती तीच ठेवावी किंवा हाक मारूच नये. मुलगे ‘भावा, चुकलं माझं’ लिहितात तेही चांगलंच आहे, जर ‘भावा’ ही त्यांची रोजची हाक असेल तर.

उत्तर कसं वाचायचं

मेसेज लागू पडला की नाही हे उत्तराच्या शब्दांवरून बरंच कळतं. ‘जाऊ दे’ म्हणजे क्षमा नाही, त्याचा अर्थ विषय बंद. ‘इट्स फाइन’चाही अर्थ अनेकदा तोच. ‘असू दे’ थोडं मऊ आहे, त्यात स्वीकार आहे. ‘ओके’ आणि ‘हम्म’ म्हणजे वाचलं, अजून ठरवलेलं नाही. अशा वेळी आणखी मेसेज पाठवून ‘नक्की ना?’ विचारू नये. खरी खूण छोट्या शब्दांत असते. भांडणात आधी ‘गं’ आणि ‘रे’ गळून पडतात. ‘कुठे आहेस गं’चं ‘कुठे आहेस’ होतं. ते परत आले की समजावं, गाडी रुळावर येतेय.

मी तिला त्या दिवशी लिहिलं, ‘वाचलं. ग्रुपवर काही नको. सोमवारी बोलू.’ त्यात ‘गं’ नव्हता. तो यायला आणखी दोन आठवडे गेले. मेसेज कितीही नेमका असला तरी तो विश्वास परत आणत नाही. तो बोलण्याची वाट उघडतो, एवढंच. आपण असं का वागलो, दुसरीने आधी काय केलं होतं, पुढे काय करायचं, हे सगळं टाइप करून मिटत नाही. लांब मेसेजमध्ये प्रत्येक वाक्यावर नवं भांडण उभं राहू शकतं, आणि स्क्रीनशॉट काढला की ते तिसरीकडे जाऊ शकतं. त्यासाठी समोरासमोर बसावं लागतं. सोमवारी कँटीनमध्ये आम्ही दीड तास बसलो, त्यातला पहिला अर्धा तास अवघडच गेला.

आणि काही भांडणं मेसेजने मिटवायचीच नसतात. परत परत तोच माणूस तसाच वागत असेल आणि दर वेळी ‘माझं चुकलं’ येत असेल, तर ते वाक्यही हळूहळू बसमधल्या ‘सॉरी’इतकं हलकं होतं. शब्दाला वजन मागून येणाऱ्या वागण्याने येतं. त्या दिवसानंतर माझ्या मैत्रिणीने माझी एकही गोष्ट दुसऱ्या कुणाकडे काढली नाही. मी तिला परत काही मनातलं सांगितलं ते तीन महिन्यांनी.